सध्या कबड्डी नको

डॉक्टर, माझी मुलगी सतरा वर्षांची, बारावी सायन्सला आहे. कॉलेजच्या कबड्डी संघात चढाईला असते. २ ऑगस्टला ताप आला आणि घसा इतका दुखायला लागला की थुंकी गिळता येईना. दोन दिवसांनी इथल्या डॉक्टरांनी टॉन्सिल म्हणून अमॉक्सिसिलिन दिलं. सहाव्या दिवशी अंगभर लाल पुरळ उठलं, म्हणून ते बंद केलं. मानेला दोन्ही बाजूंनी गाठी आल्यात. रक्तात पांढऱ्या पेशी १३,८००, लिम्फोसाइट ६२ टक्के, प्लेटलेट १ लाख ३५ हजार, एसजीपीटी ११८. डेंग्यू निगेटिव्ह. ताप जाऊन चार दिवस झाले, पण पोरगी दिवसाचे चौदा तास झोपते, जिना चढली की बसते. तिचे बाबा म्हणतात, हा मोबाइलचा आळस, मैदानावर घाम गाळला की जाईल. १ सप्टेंबरला जिल्हा स्पर्धा आहे. त्यात पुण्याचा भाचा, एमबीबीएस करतोय, फोनवर म्हणाला ‘किसिंग डिसीज वाटतो’. तेव्हापासून घरात वेगळाच धुरळा उडालाय. तिला सरावाला पाठवू का?
— एक आई, सातारा जिल्हा, १९ ऑगस्ट

ताई, पाठवू नका. १ सप्टेंबरची स्पर्धा तर सोडूनच द्या. मी तिला तपासलेलं नाही, त्यामुळे शिक्कामोर्तब तुमच्या गावातले डॉक्टरच करतील. पण तुम्ही लिहिलंय ते एकापुढे एक ठेवलं तर तुमच्या भाच्याचा अंदाज बरोबर वाटतो. ह्याला ग्रंथिज्वर म्हणतात. डॉक्टर मंडळी आपसात ‘मोनो’ म्हणतात. एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूमुळे तो होतो.

आधी रिपोर्टकडे बघू, कारण तो नीट वाचला तर बराचसा गोंधळ मिटतो. जंतूंमुळे टॉन्सिल सुजले असते तर पांढऱ्या पेशी वाढल्या असत्या हे खरं, पण त्यांत न्यूट्रोफिल जास्त दिसले असते. इथे निम्म्याहून जास्त लिम्फोसाइट आहेत. विषाणूशी लढणाऱ्या पेशी त्याच. रिपोर्टच्या तळाशी ‘रिॲक्टिव्ह’ किंवा ‘ॲटिपिकल लिम्फोसाइट’ असं काही लिहिलंय का, ते पाहा. ते दहा टक्क्यांच्या वर असले तर चित्र आणखी स्पष्ट होतं. प्लेटलेट थोड्या कमी दिसल्या की आपल्याकडे पावसाळ्यात पहिला विचार डेंग्यूचा येतो, आणि यायलाच हवा. पण डेंग्यूत पांढऱ्या पेशी बहुधा चार हजारांच्या खाली घसरतात, वाढत नाहीत. शिवाय तेरा दिवस ताप आणि मानेला गाठी हे त्याचं वागणं नव्हे. ग्रंथिज्वरातही प्लेटलेट जराशा उतरतात आणि आपोआप वर येतात. एसजीपीटी ११८ म्हणजे यकृताला हलकी सूज. ह्या आजारात ती बहुतेकांना येते, कावीळ मात्र थोड्यांनाच होते.

गाठी नेमक्या कुठे आहेत, ते तुमच्या हाताने एकदा बघा. जबड्याच्या कोनाखाली, म्हणजे टॉन्सिलपाशी गाठी कुठल्याही घसादुखीत येतात. ग्रंथिज्वरात त्या मानेच्या मागच्या बाजूलाही, कानामागून खांद्याकडे उतरणाऱ्या स्नायूच्या मागे, ओळीने लागतात. बगलेत आणि जांघेतही लागू शकतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, त्यातलाच प्रकार, फक्त इथे अंगभरच्या गाठी एकदम कामाला लागलेल्या असतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘गालगुंड’ म्हटलं असेल तर तेही तपासता येतं: गालगुंडात सूज कानाच्या पुढे आणि कानाच्या पाळीखाली येते, जबड्याचा कोन बुजतो.

पुरळाबद्दल तुमच्या मनात भीती बसली असेल. ग्रंथिज्वर असताना अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन दिलं की अनेक मुलांना पाचव्या ते नवव्या दिवसाच्या सुमारास असंच सपाट, लाल, अंगभर पुरळ येतं. आम्हा लोकांना कित्येकदा निदान सुचतं तेच ह्या पुरळावरून. त्यात तुमच्या डॉक्टरांची चूक काढू नका. दुसऱ्या दिवशीचा ताप, सुजलेले टॉन्सिल आणि त्यावरचा पांढरा थर बघून जंतूंची घसादुखी आणि ग्रंथिज्वर वेगळे ओळखणं फार अवघड असतं. पण फाइलवर कुणी ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असा कायमचा शेरा मारला असेल तर तो तसाच राहू देऊ नका. ह्या पुरळाचा अर्थ आयुष्यभराची ॲलर्जी असा बहुधा नसतो. बरी झाल्यावर डॉक्टरांशी बोलून ते तपासून घ्या, तोवर ते औषध नको. मात्र पुरळ गांधींसारखं उठून खाजलं असेल, ओठ-डोळे सुजले असतील किंवा धाप लागली असेल, तर ती गोष्ट वेगळी. ते डॉक्टरांना जरूर सांगा.

खात्रीसाठी रक्ताची एक तपासणी होते: ‘ईबीव्ही व्हीसीए आयजीएम’. सातारा-कराडच्या लॅब नमुना घेऊन पुढे पाठवतात, रिपोर्टला एक-दोन दिवस लागतात. ‘मोनोस्पॉट’ नावाची झटपट चाचणीही आहे, पण पहिल्या आठवड्यात ती चारातल्या एकाला खोटी निगेटिव्ह येऊ शकते. विडाल करून ‘थोडा टायफॉइड’ निघाला असं कुणी सांगितलं तर त्यावर चौदा दिवसांच्या गोळ्या सुरू करू नका. आपल्याकडे त्या चाचणीचा वापर गरजेपेक्षा फार जास्त होतो.

आता तो धुरळा. ‘किसिंग डिसीज’ हे नाव अमेरिकेतल्या कॉलेजांमधून आलं आणि इथे आल्यावर त्याने घराघरांत नसती भांडणं लावली. विषाणू थुंकीतून पसरतो, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या मराठी घरात त्यासाठी जुना, चांगला शब्द आहे: उष्टं. एका बाटलीला तोंड लावून पाणी पिणारा कबड्डीचा संघ, एकाच चमच्याने चाखली जाणारी भेळ, मैत्रिणीची लिपस्टिक, लहान भावाने अर्धा सोडलेला पेरू. एकदा लागण झाली की माणसाच्या थुंकीत हा विषाणू काही महिने असतो, आणि पुढे आयुष्यभर अधूनमधून येत राहतो, तेही माणूस ठणठणीत असताना. म्हणजे जिच्याकडून आला तिला पत्ताही नसणार. शिवाय लागण झाल्यापासून त्रास सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. २ ऑगस्टपासून मागे मोजा: २१ जून ते ५ जुलै. त्या दिवसांत काय चालू होतं? माझा अंदाज, नवं वर्ष सुरू झालं आणि सराव लागला. आइस्क्रीम, पावसात भिजणं, ‘कुणाबरोबर होतीस’, ह्यातल्या कशाचाच ह्या दुखण्याशी संबंध लावता येत नाही. मुलीला त्यावरून एक अक्षर विचारू नका. आजारी असताना संशयाखाली राहणं तिला फार जड जाईल, आणि उद्या खरंच पोटात दुखलं तर ती ते लपवेल.

तुमच्या भाच्याला एक गोष्ट आवडेल म्हणून सांगते. हा विषाणू लंडनमध्ये १९६४ साली एका वेगळ्याच आजाराच्या, आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्याच्या गाठीतून सापडला. तो ग्रंथिज्वराला कारण आहे हे कळलं ते फिलाडेल्फियातल्या हेनले दांपत्याच्या प्रयोगशाळेत, जवळजवळ योगायोगाने. त्यांच्या हाताखालच्या एका तंत्रज्ञ तरुणीच्या रक्तात ह्या विषाणूविरुद्ध काहीच नसायचं, म्हणून तुलनेसाठी तेच रक्त वापरत. १९६७मध्ये ती ग्रंथिज्वराने पडली, परत आली तर तिच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर. आज आपण आयजीएम तपासतो त्याचं मूळ तिथे आहे.

आपल्याकडे बहुतेकांना ही लागण दोन-चार वर्षांचे असतानाच होऊन जाते, किरकोळ सर्दी-तापासारखी, आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. ज्या मुलांची लागण लांबते आणि सोळा-सतराव्या वर्षी गाठते, त्यांना ती अशी आडवी करते. वयात आलेल्या शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूवर फार जोराने तुटून पडते म्हणून. ताप, गाठी, घशाची सूज आणि थकवा ह्यांतलं बरंचसं त्या लढाईमुळेच असतं. रक्तातल्या त्या ६२ टक्क्यांतल्या बहुतेक पेशी ह्या कामावर निघालेल्या आहेत. ताप गेला म्हणून त्या लगेच घरी परतत नाहीत.

म्हणून तिच्या बाबांना एक प्रश्न विचारा: आळशी पोर नावडतं काम टाळतं, आवडतं काम टाळतं का? ही मुलगी कबड्डीही सोडून झोपली आहे. पहिला जिना चढताना जीव जातो, आणि एखाद्या दिवशी जरा बरं वाटलं म्हणून धडपड केली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट आडवी होते. हे दिसलं की तो थकवा आजाराचाच असतो.

कबड्डीला मी सरळ नाही म्हणते ते मात्र थकव्यामुळे नाही, पाणथरीमुळे. पाणथरी, म्हणजे प्लीहा, डाव्या बाजूला खालच्या बरगड्यांच्या आड असते. ग्रंथिज्वरात साधारण निम्म्या रुग्णांची ती मोठी होते. पेशींनी ठासून भरते, वरचं आवरण ताणून पातळ होतं आणि तिचा खालचा काठ बरगड्यांच्या बाहेर यायला लागतो. अशी पाणथरी फाटली तर पोटात रक्तस्राव होतो, आणि तो जीवावर बेतू शकतो. हे क्वचित घडतं, हजारातल्या एका ते पाच जणांना, पण घडतं ते बहुतेकदा पहिल्या तीन-चार आठवड्यांत. क्वचित सात-आठ आठवड्यांपर्यंतही घडल्याचं नोंदलेलं आहे. त्यातल्या बऱ्याच वेळा मार लागलेलाच नसतो. नुसतं वजन उचलताना किंवा जोर करताना झालेलं असतं. आणि तुमची मुलगी तर चढाईला जाते. कमरेला विळखा पडतो, चार जणी अंगावर येतात, बरगड्यांवर गुडघा बसतो. स्पर्धेच्या दिवशी आजाराचे चार आठवडे जेमतेम पूर्ण झालेले असतील. तिच्या अंगात त्राण आलं असं तिला वाटलं, तरी पाणथरी किती उतरली हे तिला आतून कळत नाही.

‘सोनोग्राफी करून बघू, मोठी नसेल तर खेळू द्या’ असं प्रशिक्षक म्हणतील. उंच, कसलेल्या खेळाडूंची पाणथरी मुळातच मोठी असू शकते, आणि आजाराआधीचं माप कुणाकडे नसतं. त्यामुळे एका सोनोग्राफीवर मी खेळायची परवानगी देणार नाही. आणखी एक: येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पोट दाबून बघू देऊ नका. डॉक्टरांनी एकदा हलक्या हाताने बघितलं की पुरे. बद्धकोष्ठ झालं तर जोर करावा लागू नये म्हणून इसबगोल द्या, आणि पाण्याचा हंडा, कॅन, पुस्तकांनी भरलेली बॅग तिला उचलू देऊ नका.

मग विश्रांती म्हणजे नेमकं काय? महिनाभर अंथरुणाला खिळवणं नव्हे. एकेकाळी तसंच करत. पण १९६०च्या दशकात अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर हे पडताळून पाहिलं, तेव्हा ज्यांना सक्तीने झोपवून ठेवलं त्यांच्यापेक्षा ज्यांना वाटेल तेव्हा उठू दिलं ती मुलं लवकर सावरली. नुसतं पडून राहिलं की स्नायू उतरतात, झोपेचं चक्र उलटं होतं, आणि मग कुठला थकवा आजाराचा आणि कुठला पडून राहण्याचा, हेच कळेनासं होतं. म्हणून माझ्या रुग्णांना मी एक साधा हिशेब सांगते: आज जेवढं जमेलसं वाटतंय, त्याच्या निम्मं करायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्याइतकंच बरं वाटलं तर तेवढंच चालू ठेवायचं, तीन-चार दिवसांनी थोडं वाढवायचं. जास्त गळून गेल्यासारखं वाटलं तर एक पायरी खाली यायचं.

तुमच्या तारखांवर ते असं बसेल. २३ ऑगस्टपर्यंत, म्हणजे तीन आठवडे पूर्ण होईपर्यंत, घरातच. हवी तेवढी झोप, पण सकाळी ठरलेल्या वेळी उठून अंघोळ, दोन्ही जेवणं सगळ्यांबरोबर बसून, दुपारची झोप तासा-दीड तासाची. अभ्यास करायचाच असेल तर वीस मिनिटं, मग आडवं होणं. त्यानंतर ताप परत आला नसेल आणि भूक लागत असेल, तर संध्याकाळी सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं, आणि कॉलेजला अर्धा दिवस, सकाळचे दोन तास. प्रॅक्टिकलला उभं राहणं जड जातं, तेव्हा स्टूल मागून घ्या. क्लासच्या सरांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून संध्याकाळची बॅच महिनाभर बंद ठेवा. बारावीचं वर्ष आहे हे मला कळतं, पण ह्या महिन्यात तिला जबरदस्तीने बसवलं तर डोक्यात काही शिरणारही नाही. ३० ऑगस्टनंतर, चाल सुटसुटीत झाली तर एकटीने हलकं धावणं. पकडीचा, अंगाला अंग लागणारा सराव मात्र आठ आठवडे होईपर्यंत, म्हणजे २७ सप्टेंबरपर्यंत नको, आणि त्यानंतरही आधी डॉक्टरांना दाखवूनच. काही डॉक्टर चार आठवड्यांनी खेळायला सोडतात. कबड्डीसारख्या खेळात मी जास्त थांबते.

बहुतेक मुलं दोन ते चार आठवड्यांत बऱ्यापैकी उभी राहतात. थकवा कधी दोन-तीन महिने रेंगाळतो. दहातल्या साधारण एकाला सहा महिन्यांनंतरही तो टिकतो. तसं झालं तर ‘आता हे मनाचं आहे’ म्हणून सोडून देऊ नका, परत दाखवा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप, मन, सगळंच तेव्हा बघावं लागतं.

औषध असं काही नाही. विषाणू मारणारं जे मिळतं त्याचा इथे उपयोग होत नाही, अँटिबायोटिकचा तर नाहीच. घशासाठी कोमट मीठपाण्याच्या गुळण्या, पेज, ताक, मऊ भात. दुखलं तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी सहा तासांनी, दिवसात चारच्या वर नाही; सर्दीच्या तयार गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते त्यात धरा. ॲस्पिरिन देऊ नका. यकृत सुजलेलं असताना गुळवेलीचा काढा, यकृताची चूर्णं हेही नको. तोंड चांगलं करायला बाकी काय हवं ते खाऊ द्या. पंधरा दिवसांनी सीबीसी आणि एसजीपीटी पुन्हा बघितलं की झालं.

काही गोष्टींसाठी मात्र रात्र असली तरी थांबू नका. डाव्या बाजूला बरगड्यांखाली एकाएकी दुखायला लागलं, डाव्या खांद्याच्या टोकाशी विनाकारण कळ आली, चक्कर येऊन चेहरा पांढरा पडला, तर शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या, आणि गेल्या गेल्या ‘ग्रंथिज्वर झालाय’ हे सांगा. टॉन्सिल इतके फुगले की पाणी गिळेना, लाळ गळायला लागली, झोपेत श्वासाचा घरघर आवाज येऊ लागला, तरी तसंच. घशात राखाडी, चिकट पडदा दिसला आणि मान बैलासारखी सुजली तर घटसर्पाचा विचार करावा लागतो. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडीची लस झाली होती का, ते कार्डावर बघून ठेवा.

गाठींना दुखणं थांबल्यावरही उतरायला वेळ लागतो. पण चार-सहा आठवड्यांनी त्या वाढतच असतील, दगडासारख्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या लागत असतील, गळ्याच्या हाडावर नवी गाठ आली असेल, वजन घटत असेल किंवा संध्याकाळचा ताप सुरू झाला असेल, तर क्षय आणि रक्ताचे आजार तपासायलाच हवेत.

धाकटा भाऊ असेल तर त्याला वेगळ्या खोलीत ठेवायचं कारण नाही. तिचा पेला, चमचा, बाटली आणि ब्रश काही महिने वेगळे ठेवा, एवढं पुरे. प्रशिक्षकांना दोन ओळी लिहून पाठवा: आजाराचं नाव, २७ सप्टेंबर ही तारीख, आणि मैदानावरच्या प्रत्येक बाटलीवर ज्या त्या मुलीचं नाव लिहायची विनंती.